रेशनचा इष्टांक आणि २०११ ची शिरगणती : नवीन जनगणनेने 'जागा' वाढेल का?

उंबरठा

वसई पूर्वेच्या एका चाळवस्तीत मी शिधापत्रिकेचे अर्ज भरून देण्यास लोकांना मदत करते. तिथल्या एका कुटुंबाच्या केशरी कार्डावर २०१४ साली 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का पडला, तेव्हा घरात चार माणसे होती. आज सात आहेत; एक सून आली आणि दोन नातवंडे झाली. तिघांचीही नावे कार्डावर रीतसर चढली आहेत, परंतु पॉस मशीनवर अंगठा लावला की धान्य मात्र चारच जणांचे, म्हणजे वीस किलो निघते. माणशी पाच किलोच्या हिशेबाने पस्तीस किलो निघायला हवे. पुरवठा शाखेत विचारले असता 'इष्टांक शिल्लक नाही, जागा झाली की घेऊ' असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी अनेक कुटुंबांच्या बाबतीत ऐकले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. हा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना हे धान्य द्यायचे याचा ठरवून दिलेला आकडा, कोणी, कशावरून ठरवला? आणि आता जनगणना होत आहे, तर ती पूर्ण झाल्यावर तो आपोआप वाढेल का? वस्तीतील लोक मला हाच दुसरा प्रश्न विचारतात, आणि 'हो' म्हणण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे.

खडीसाखर

इष्टांक म्हणजे सरकारने स्वतःला घालून घेतलेले सोयीचे कुंपण आहे. जनगणना हे निव्वळ निमित्त. द्यायचे असते तर कालच दिले असते.

पायलीभर

मी पुरवठा खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खडीसाखर म्हणतात तसे कुंपण आहे हे खरे, पण ते कायद्यातच घातलेले आहे आणि त्याचे खांब कोणते हे समजून घेतले पाहिजे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. देशातील ग्रामीण लोकसंख्येपैकी जास्तीत जास्त ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी जास्तीत जास्त ५० टक्के लोकांना धान्य द्यावे, असे त्यात आहे. ही टक्केवारी देशाची झाली. ती प्रत्येक राज्याला सरसकट लावलेली नाही. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांचा दरमहाचा खर्च विचारला होता. देशातील ७५ टक्के ग्रामीण लोक ज्या खर्चाच्या खाली येतात ती रेषा काढली आणि प्रत्येक राज्यात त्या रेषेखाली किती लोक आहेत ते मोजले. शहरांसाठीही असेच केले. त्यामुळे बिहारच्या ग्रामीण भागाला ८५.१२ टक्के मिळाले, केरळच्या ग्रामीण भागाला ५२.६३ आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ व शहरी ४५.३४ टक्के आले.

आता ही टक्केवारी कशाची? तर २०११ च्या जनगणनेतील डोक्यांची. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात साधारण ६ कोटी १५ लाख माणसे होती, त्यांचे ७६.३२ टक्के म्हणजे ४ कोटी ६९.७१ लाख. शहरांत ५ कोटी ८ लाखांच्या आसपास होती, त्यांचे ४५.३४ टक्के म्हणजे २ कोटी ३०.४५ लाख. दोन्ही मिळून ७ कोटी १६ हजार. हाच आपला इष्टांक. राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून अंमलबजावणी सुरू झाली, आणि राज्याची लोकसंख्या वाढत राहिली तरी हा आकडा तिथेच आहे.

म्हणजे टक्केवारी एका पाहणीतून आली आणि डोकी जनगणनेतून. हे दोन निरनिराळे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवले तर पुढची चर्चा सोपी जाईल.

चौकट_राजा

पायलीभर यांचा प्रतिसाद उत्तम आहे. मात्र मला वाटते की खरा फायदा वेगळाच होणार आहे. नवीन जनगणना डिजिटल आहे आणि प्रत्येक घराची माहिती थेट प्रणालीत जाणार आहे. त्यामुळे कोण गरीब आहे आणि कोण चारचाकी बाळगून रेशन उचलतो आहे, हे सरकारला घरनिहाय कळेल. खोटी नावे आपोआप गळतील आणि उंबरठा यांच्या कुटुंबाला जागा मिळेल. जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की इष्टांकही कायद्यानेच वाढेल.

शिरगणती

चौकट_राजा यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. घरयादीच्या टप्प्यात वाहन, शौचालय, पाण्याचा स्रोत, छताचे साहित्य अशा गोष्टी विचारल्या जातात. परंतु उत्पन्न विचारले जात नाही. शिवाय जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे एखाद्या घराची नोंद कोणालाही पाहता येत नाही, आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. गावात किती घरांकडे मोटार आहे हे जनगणना सांगेल. अमुक घराकडे मोटार आहे, सबब त्याचे रेशन बंद करा, असे ती सांगू शकत नाही, आणि सांगू नये म्हणूनच तो कायदा आहे. घरोघर जाणाऱ्या आम्हा शिक्षकांना लोक खरे सांगतात ते या भरवशावर. 'हे रेशनसाठी आहे का?' हा प्रश्न मला दारोदार विचारला गेला होता, आणि 'नाही' म्हटल्यावरच पुढची उत्तरे मिळत.

घरनिहाय निवड करण्यासाठी २०११ मध्येच वेगळी सामाजिक, आर्थिक व जात गणना झाली होती. ती जनगणना अधिनियमाखाली नव्हती, म्हणूनच तिच्या याद्या गावात वाचता आल्या आणि घरकुलासाठी वापरता आल्या. नाव सारखे वाटले तरी त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे तर उलटेच झाले. आमचे केशरी कार्ड आहे आणि सातबारा नावावर आहे, त्यामुळे आम्हाला शेतकरी योजनेत स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ पासून धान्य बंद होऊन माणशी दरमहा दीडशे रुपये खात्यात येऊ लागले. दीडशे रुपयांत पाच किलो धान्य बाजारात कोठे मिळते ते कोणी सांगावे. जनगणना झाली की आमचे धान्य पुन्हा सुरू होईल का?

पायलीभर

वऱ्हाडी_ठेचा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तुमची योजना या इष्टांकात बसत नाही. जे अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत बसू शकले नाहीत अशा चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ती राज्याची स्वतंत्र योजना आहे. जनगणनेचा तिच्याशी थेट संबंध नाही. एका अर्थाने मात्र ती इष्टांक अपुरा पडल्याचीच खूण आहे: केंद्राच्या यादीबाहेर राहिलेल्यांसाठी राज्याला आपल्या खिशातून वेगळी व्यवस्था करावी लागली.

त्रैराशिक

चौकट_राजा यांच्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. 'इष्टांक वाढेल' हे बरोबर आहे, पण किती वाढेल यात एक गंमत आहे.

आजच्या इष्टांकाला २०११ च्या एकूण लोकसंख्येने भागले तर साधारण ६२.३ टक्के येतात. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या लोकसंख्या प्रक्षेपणात, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी काढलेल्या अंदाजात, २०२१ साठी महाराष्ट्राचा आकडा सुमारे १२ कोटी ४४ लाख होता. बहुतेक लेखांत थेट ६२.३ टक्क्यांनी गुणून पावणेआठ कोटी असे उत्तर काढतात आणि 'पंचाहत्तर लाख लोक वंचित' असा मथळा देतात.

हा हिशेब चुकीचा आहे, कारण ६२.३ हा कायद्यातला आकडा नाही. तो ७६.३२ आणि ४५.३४ यांच्या मिश्रणातून आलेला आहे, आणि मिश्रणाचे प्रमाण बदलते आहे. २०११ मध्ये राज्यातील ४५ टक्के लोक शहरांत होते. समजा, हिशेबासाठी, निम्मे लोक शहरांत आहेत असे धरू. मग ६ कोटी २२ लाख ग्रामीण लोकांचे ७६.३२ टक्के म्हणजे ४ कोटी ७५ लाख, आणि तेवढ्याच शहरी लोकांचे ४५.३४ टक्के म्हणजे २ कोटी ८२ लाख. बेरीज ७ कोटी ५७ लाख. वाढ ५७ लाखांची झाली, पंचाहत्तर लाखांची नव्हे. अठरा लाख माणसे केवळ शहरी लोकांचा वाटा वाढल्याने हिशेबातून गळाली.

आणि शहर म्हणून मोजले जाण्यासाठी नगरपालिका लागतेच असे नाही. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, एवढे जुळले की जनगणना त्या गावाला नगर धरते. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. महामार्गालगतच्या गावाने शेती सोडली एवढ्यावरून तिथली माणसे ७६ टक्क्यांच्या रकान्यातून ४५ टक्क्यांच्या रकान्यात जातात. त्यांचे उत्पन्न वाढलेले असेलच असे नाही.

खडीसाखर

म्हणजे गावाने रात्रीत धंदा बदलला की थाळीतली भाकरी कमी. ही कल्पना सरकारला सुचू नये म्हणून हा प्रतिसाद गुप्त ठेवावा अशी संपादक मंडळास विनंती.

मुक्काम_पोस्ट

त्रैराशिक यांचा हिशेब पटला, पण एक आक्षेप आहे. शहरातील महागाई, घरभाडे आणि हातावरचे पोट पाहता शहरी गरिबांना कमी टक्केवारी देणेच मुळात चूक आहे. आकडेमोड अचूक करून चुकीच्या नियमाला प्रतिष्ठा देऊ नये. शिवाय शहरांसाठी ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची अट आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. एवढ्या उत्पन्नात वसई-विरारमध्ये कोणते कुटुंब राहते? दाखल्यावर सगळेच तेवढे लिहून घेतात, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते.

त्रैराशिक

नियम योग्य आहे असे मी म्हटलेले नाही. नियम जसा आहे तसा चालवला तर काय निघेल एवढेच दाखवले. टक्केवारीचीच गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो: कुटुंबखर्चाच्या नव्या पाहण्या २०२२-२३ आणि २०२३-२४ मध्ये झाल्या आहेत. त्यांवरून राज्यांची टक्केवारी पुन्हा काढली तर महाराष्ट्राची वाढेलच असे नाही. देशभराची रेषा नव्याने आखली जाईल, आणि इतर राज्यांच्या तुलनेत आपला खर्च अधिक वाढला असेल तर आपली टक्केवारी घटेल. तेव्हा डोकी वाढली तरी टक्का उतरला, असेही होऊ शकते. उंबरठा, वस्तीत 'हो' म्हणण्याआधी हे जरूर विचारात घ्या.

शिरगणती

टक्केवारीपेक्षा मला डोक्यांची चिंता अधिक वाटते, कारण ती मी स्वतः मोजली आहेत. २०११ च्या दुसऱ्या टप्प्यात बीड जिल्ह्यातील एका गावात मी प्रगणक होतो. गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता. २८ च्या रात्री बेघरांची नोंद करायची आणि १ ते ५ मार्च या काळात पुन्हा फेरी मारून जन्म-मृत्यूचा फरक दुरुस्त करायचा, असे वेळापत्रक होते.

फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. माझ्या गटातील एका तांड्यावर ओळीने कुलपे होती. जी घरे उघडी होती त्यांत म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी मुले. एका आजींनी मला घरातील सगळ्यांची नावे सांगितली, मुलगा, सून, दोन नातू. मुलगा आणि सून दिवाळीनंतरच कोयता घेऊन ऊसतोडीला सांगलीकडे गेले होते. सूचना स्पष्ट होती: गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद इथे करायची नाही; तो जिथे असेल तिथला प्रगणक करील. मी दोघांची नावे घेतली नाहीत. आजींना वाटले की मी त्यांना घरातून कमी केले, आणि त्यांची समजूत घालता घालता मला बराच वेळ लागला.

नियम म्हणून हे योग्यच आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. पण तिकडे उसाच्या फडात, कोपीवर, तो प्रगणक खरोखर पोहोचला का? टोळी आज या शिवारात तर चार दिवसांनी दुसऱ्या. पोहोचला असेल तर ते दोघे सांगलीच्या खात्यावर मोजले गेले. टोळी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली असेल तर महाराष्ट्राच्याच खात्यातून गेले. आणि कोणीच पोहोचले नसेल तर कुठेच नाहीत. मार्चनंतर ती सगळी माणसे गावी परततात, रेशन गावच्या दुकानात मागतात, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रही गावचेच वापरतात.

या खेपेच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ चा आहे आणि गणना फेब्रुवारीतच आहे. तेव्हा हंगामही तोच.

चौकट_राजा

परंतु ऊसतोड कामगार राज्यात कुठेही मोजले गेले तरी राज्याची बेरीज तीच राहते ना? इष्टांक तर राज्याचा आहे. आणि आता स्वयंगणनेची सोय आहे. मुकादमाच्या मोबाईलवरून टोळीची नोंद होऊ शकेल.

शिरगणती

राज्याची बेरीज तीच राहते, ते कर्नाटकात गेलेले सोडून, हे मान्य. पण तालुक्याचा आकडा बदलतो. स्वयंगणनेबद्दल मला शंका आहे. मुकादमाने नोंद केली तरी ती तपासायला प्रगणकाला त्या कोपीपर्यंत जावेच लागेल. माझ्या मते साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या यादीवरून त्या त्या दिवसाचे फड आधी कळवून घेतले, तर निम्मे काम होईल. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणत्या दिवशी कोणत्या शेतात तोड आहे याचा कार्यक्रम असतोच.

उंबरठा

तालुक्याचा विषय निघाला म्हणून विचारते. आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे २०११ च्या जनगणनेत पालघर नावाचा जिल्हाच नाही. मग आमच्या जिल्ह्याचा इष्टांक कशावरून काढला?

पायलीभर

तालुके मोजलेले होते, म्हणून अडचण आली नाही. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड यांची २०११ ची बेरीज केली की साधारण २९ लाख ९० हजार होतात. जिल्हे फुटतात तेव्हा तालुका अखंड राहिला तर जुळणी सोपी जाते. तालुका फुटला की गावनिहाय बेरीज करत बसावे लागते. म्हणूनच जनगणनेआधी सर्व प्रशासकीय सीमा गोठवतात. या खेपेला ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती.

तुमची खरी अडचण निराळी आहे. त्या बेरजेत जव्हार-मोखाडा आणि वसई एकत्र आहेत. २०११ नंतर वसई-विरार किती वाढले ते तुम्ही रोज पाहताच, आणि मोखाड्यातील माणसे हंगामात वीटभट्टीवर बाहेर असतात. केंद्राने राज्याचा एकूण आकडा बांधून दिला आहे, जिल्ह्यांतील वाटणी मात्र राज्याच्या हातात आहे. एका जिल्ह्यात नावे कमी झाली तर तिथला शिल्लक इष्टांक दुसरीकडे वळवता येतो. पण आपल्याकडची जागा सोडायला कोणताही जिल्हा राजी नसतो. मी आढावा बैठकांत बसलो आहे. तिथे शिल्लक नेहमी दुसऱ्याकडेच असते.

मुक्काम_पोस्ट

मग जनगणनेची वाट पाहण्याऐवजी प्रक्षेपणाचा आकडा का वापरत नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या प्रकरणात केंद्राला इष्टांक नव्याने ठरवण्याबद्दल सांगितले होतेच.

पायलीभर

सांगितले होते. अडचण कलम ९ ची आहे. ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्या आधारे एकूण संख्या काढावी, अशी त्याची भाषा आहे, आणि केंद्राची भूमिका त्याच भाषेवर उभी आहे. त्याच कलमात राज्यांची टक्केवारी ठरवण्याचे काम केंद्राकडे दिले आहे आणि त्यासाठी जनगणनेची अट घातलेली नाही, हेही वाचावे. म्हणजे टक्का बदलायला जनगणनेसाठी थांबावे लागत नाही, डोकी बदलायला मात्र जनगणना लागते.

त्रैराशिक

प्रक्षेपणाविषयी माझे मत मिश्र आहे. राज्याच्या पातळीवर ते बऱ्यापैकी विश्वासार्ह असते, कारण जन्म आणि मृत्यूचे दर हळूहळू बदलतात. तालुक्याच्या पातळीवर मात्र स्थलांतरच सगळे ठरवते, आणि वसईत किती लोक येतील हे २००१ ते २०११ च्या चालीवरून सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज. राज्याला वाढीव आकडा प्रक्षेपणाने द्यावा आणि आतली वाटणी दुकानांवरच्या प्रत्यक्ष मागणीवरून करावी, असे मला वाटते. ५७ लाख माणसांना वर्षाला माणशी साठ किलो म्हटले तर सुमारे ३ लाख ४२ हजार टन धान्य लागेल. धान्य मोफत असल्याने सगळा भार केंद्राच्या तिजोरीवर येईल, आणि खडीसाखर यांचा पहिला प्रतिसाद मला इथे सर्वस्वी चुकीचा वाटत नाही.

खडीसाखर

या वाक्याची चौकट करून भिंतीवर लावतो आहे.

मुक्काम_पोस्ट

मागणीवरून वाटणी करण्यास माझा विरोध आहे. ज्यांना दुकानापर्यंत पोहोचता येत नाही, ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांची मागणी कुठेच नोंदली जात नाही. वसईतले लोक निदान अर्ज तरी करतात. मोखाड्यात उंबरठा यांच्यासारखे कोणी नसेल तर तिथली मागणी शून्य दिसेल.

त्रैराशिक

हा मुद्दा वजनदार आहे. यावर माझ्यापाशी चांगले उत्तर नाही.

उंबरठा

सर्वांचे आभार. तर मी वस्तीत असे सांगेन की जनगणना झाली तरी लगेच काही होणार नाही. आकडे प्रसिद्ध व्हावे लागतील, त्यावर केंद्राने संख्या काढावी लागेल, आणि तोपर्यंत टक्केवारी बदलली तर पुन्हा हिशेब वेगळा. पण त्या तीन माणसांसाठी आज काही करता येते का?

पायलीभर

करता येते, पण जागा आतूनच काढावी लागेल. तुमच्या दुकानाची लाभार्थी यादी मागून घ्या आणि वस्तीत बसून वाचा. मयत झालेली, लग्न होऊन गेलेली, दोन कार्डांवर असलेली नावे वस्तीतल्या बायकांना पाठ असतात. अशा नावांची यादी दुकान क्रमांकासह पुरवठा निरीक्षकाला लेखी द्या आणि तिच्यासोबतच तिघांचा अर्ज जोडा, पोच घ्या. 'इष्टांक नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा, म्हणजे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल. मात्र एक काळजी घ्या. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या माणसाचे नाव 'राहत नाही' म्हणून त्या यादीत येऊ देऊ नका. ई-केवायसी राहिली म्हणून ज्यांची नावे अडकली आहेत त्यांना आधी शोधा, कारण जागा रिकामी करायची झाली की पहिला फटका त्यांनाच बसतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या दुकानाची यादी मागितली तर दुकानदार उद्या या म्हणतो. ती यादी इंटरनेटवर दिसते का?

पायलीभर

दिसते. राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि दुकान निवडून पाहता येते. तुमच्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा.